मोघम बोलू नका, पल्ला दाखवा

सर्वेक्षणाचे निकाल मांडणाऱ्यांत एक समजूत पक्की आहे: आकडा डळमळीत आहे असं सांगितलं की लोकांचा विश्वास उडतो, म्हणून त्रुटीची मर्यादा तळटीपेत ढकलावी. दुसरा पंथ पडद्यावर सिग्मा आणि वर्गमूळ मांडून मोकळा होतो. कळलं नाही तर दोष ऐकणाऱ्याचा!

पहिल्या समजुतीची रीतसर तपासणी झाली आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आकड्यासोबत त्याची खालची-वरची मर्यादा दिली, तेव्हा विश्वास अगदी किंचित घटला. ‘आकडा कमी-जास्त असू शकेल’ असं नुसत्या शब्दांत सांगितलं, तेव्हा तो जास्त घटला. म्हणजे नुकसान करतो तो मोघमपणा.

तळटीप तर उघड दिशाभूल करते. समजा, १,००० मतदारांच्या पाहणीत ‘अ’ला ४८ टक्के, ‘ब’ला ४४ आणि खाली बारीक अक्षरात ‘± ३’. ऐकणारा सरळ हिशेब करतो: फरक चारचा, चूक तीनची, म्हणजे ‘अ’ पुढे. पण ते तीन प्रत्येकाच्या स्वतःच्या आकड्याचे आहेत. नमुन्यात ‘अ’चे लोक योगायोगाने जास्त आले, तर ‘ब’चे बहुधा कमी येतात, त्यामुळे दोघांमधल्या फरकाची मर्यादा जवळपास दुप्पट, सुमारे सहा होते. आघाडी उणे दोनपासून दहापर्यंत कुठेही असू शकते.

हे दाखवायला एकही चिन्ह लागत नाही. एक आडवी पट्टी काढा, उणे दोन ते दहा, मधे ठळक, टोकांना फिकट. शून्यावर उभी रेघ. पट्टी रेघ ओलांडते, हे मागच्या रांगेतल्यालाही दिसतं. खाली लिहा: ‘अ पुढे असण्याची शक्यता जास्त, पण नक्की नाही.’ उभे स्तंभ मात्र टाळा. स्तंभाच्या आतले आकडे बाहेरच्यांपेक्षा जास्त संभवनीय आहेत, असं लोक नकळत धरून चालतात. आणि पट्टीमागचे ‘९५ टक्के’ तोंडानेच सांगा: अशाच शंभर पाहण्या केल्या तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल.

पट्टी काढली म्हणजे सगळं सांगून झालं, असंही नाही. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० हून अधिक जागा दिल्या, मिळाल्या २९३. त्रुटीची मर्यादा फक्त नमुना निवडताना होणारा योगायोग मोजते. उत्तर टाळणारे, खरं मत लपवणारे, मतांवरून जागा काढताना चुकलेला ठोकताळा, यातलं काहीच तिच्या हिशेबात नसतं, आणि नमुना दुप्पट केला तरी हे दोष जात नाहीत. म्हणून त्याच स्लाइडवर आणखी एक ओळ हवी: ‘या पाहणीत कोण सापडले नाहीत?’

सूत्र विचारणारा एखादा सभेत असतोच. त्याच्यासाठी ते शेवटच्या स्लाइडच्या मागे तयार ठेवा. बाकीच्यांवर लादू नका.