हरवल्याचा मजकूर

कुळगावातील एका किराणा दुकानाच्या काचेवर २०२५ सालच्या जूनमध्ये एक कागद चिकटविलेला होता. त्यावर निळ्या शाईने आणि मोठ्या कळवळ्याने लिहिलेला मजकूर असा होता : “आमचा लाडका मोती कालपासून घरी आलेला नाही. तो आमच्या घरातलाच एक आहे. मुलांनी जेवण सोडले आहे. तो फार प्रेमळ आहे. रंग तपकिरी. शेवटचा स्टेशनच्या बाजूला दिसला. कोणाला आढळल्यास माणुसकीच्या नात्याने कळवावे. योग्य बक्षीस दिले जाईल.” त्याखाली तीन मोबाईल क्रमांक एकाला एक लागून एकाच ओळीत लिहिले होते, आणि शेजारी मोतीचे छायाचित्र होते. त्यात तो दोन मुलांच्या मधोमध बसलेला असल्यामुळे मुलांचे चेहरे स्पष्ट आणि कुत्र्याचे फक्त तोंड दिसत होते.

ज्या घरचा हा कागद होता ते घर आमच्या ओळखीचे निघाले, म्हणून तो नव्याने लिहिण्यास मी बसलो. त्या लेखनात जे लक्षात आले ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याणपुढच्या तीन गावांत अशा कागदाची वाट विशेष अवघड आहे.

पहिला दोष ‘कालपासून’ या शब्दात होता. ज्या दिवशी कागद लिहिला त्या दिवशी तो शब्द खरा असतो; परंतु तोच मजकूर कोणी मोबाईलवरून पुढे धाडला आणि आठ दिवसांनी तो उल्हासनगरातील एखाद्या घरी पोहोचला, तर तेथील वाचक त्याच्या आदल्या दिवसाचा हिशेब धरून रस्त्यावर पाहू लागतो. म्हणून वार, तारीख, महिना, साल आणि वेळ ही पाचही लिहिली पाहिजेत. दुसरा दोष ‘स्टेशनच्या बाजूला’ यात होता. बदलापूर स्थानकाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत, पूर्वेचे कुळगाव आणि पश्चिमेचे जुने बदलापूर यांच्यामध्ये रूळ आहेत, आणि हीच पूर्व-पश्चिम अंबरनाथासही आहे. नुसत्या चौकाच्या नावावरही विसंबता येत नाही. शिवाजी चौक अंबरनाथात आहे आणि उल्हासनगरातही आहे. उल्हासनगरची गोष्ट तर आणखी निराळी. लष्कराच्या जुन्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, परंतु छावणीची विभागणी मात्र पत्त्यांत तशीच राहिली. तेथे आजही माणूस एक ते पाच या कॅम्पांच्या आणि बॅरेकच्या क्रमांकाने ठिकाण सांगतो, आणि कॅम्पाचा आकडा सुटला की ऐकणाऱ्यास निम्म्या शहराचा फेर पडतो. तेव्हा प्रथम गावाचे नाव, मग पूर्व की पश्चिम किंवा कॅम्प कितवा, मग वस्ती, आणि शेवटी रिक्षावाल्यालाही ठाऊक असेल अशी एखादी खूण, या क्रमाने ठिकाण लिहिले तरच ते बाहेरगावच्या वाचकास उपयोगी पडते.

आता वर्णन. ‘तपकिरी’ आणि ‘प्रेमळ’ या दोन शब्दांत या परिसरातील शेकडो गावठी कुत्री बसतील. मोतीही गावठीच होता. नामांकित जातीचा कुत्रा वाचकाच्या डोळ्यांपुढे जातीच्या नावानेच उभा राहतो, तसा गावठी कुत्रा राहत नाही. तेव्हा घरातील मंडळींना मी एकेक अवयव विचारीत गेलो. उंची किती, तर माणसाच्या गुडघ्याएवढी. शेपूट कशी, तर वर वळलेली आणि टोकाशी पांढरी. पाय कसे, तर पुढचा उजवा पंजा पांढरा. चालताना काही विशेष, असे विचारताच घरातल्या धाकट्या मुलाने सांगितले की मागचा डावा पाय तो अधूनमधून उचलून धरतो. ही एकच खूण, माझ्या मते, बाकीच्या सर्व वर्णनापेक्षा मोलाची होती. कारण रंग संध्याकाळच्या उजेडात आणि पावसात भिजल्यावर बदललेला दिसतो, पण चाल दुरूनही ओळखू येते. गळपट्ट्याचा उल्लेख केला, मात्र ‘लाल गळपट्टा होता, निघाला असण्याचा संभव आहे’ अशा शब्दांत. नुसते ‘लाल पट्ट्याचा’ असे लिहिले की पट्टा गळून पडलेल्या कुत्र्याकडे वाचक दुर्लक्ष करतो. कानांविषयीही लिहिले. निर्बीजीकरण करून परत सोडलेल्या रस्त्यावरील कुत्र्याच्या कानास खाच पाडलेली असते. मोतीचे दोन्ही कान अखंड होते, आणि खाचेच्या कुत्र्यांची चुकीची वर्दी येऊ नये म्हणून तेवढे नमूद करणे इष्ट होते.

छायाचित्र बदलले. मुलांचे चेहरे अनोळखी गावांत फिरविण्याचे काही कारण नव्हते. त्याऐवजी मोती बाजूने उभा आहे, चारही पाय आणि शेपूट दिसत आहे, असे एक चित्र मोबाईलमध्ये सापडले. शिवाय छायाचित्र एकटेच पुढे जाते आणि मजकूर मागे राहतो असा नेहमीचा अनुभव असल्यामुळे तारीख, गाव आणि संपर्काचा क्रमांक चित्राच्या खालच्या पट्टीतच छापून घेतला.

नवा मजकूर पुढीलप्रमाणे झाला :

“कुत्रा हरवला आहे. बदलापूर (पूर्व), कात्रप, पेट्रोल पंपाजवळ. रविवार, १५ जून २०२५, सायंकाळी सुमारे ७ वाजता शेवटचा दिसला. गावठी, नर, तपकिरी, गुडघ्याएवढा उंच. शेपटीचे टोक पांढरे, पुढचा उजवा पंजा पांढरा, मागचा डावा पाय उचलून चालतो. कान अखंड. लाल गळपट्टा होता, निघाला असण्याचा संभव आहे. नाव मोती. घाबरलेला आहे : पाठलाग करू नका, पकडू नका. दिसताच फोन करा, आणि जमल्यास दुरून फोटो काढून ठिकाण कळवा. फोन : (दहा अंकी क्रमांक), सकाळी ६ ते रात्री ११, मराठी किंवा हिंदीत बोला. मुलांनी जेवण सोडले आहे.”

घरच्या बाईंनी हे वाचून विचारले, “काका, मुलांनी जेवण सोडलंय ते काढलंत का?” मी म्हटले, “काढलं नाही ताई, अगदी खाली एका ओळीत घेतलंय. आधी कुत्रा ओळखू येऊ दे.” त्यांना ते पटले. ‘माणुसकीच्या नात्याने’ हे शब्द मात्र मी गाळले. जो थांबून वाचतो त्याच्या माणुसकीस आवाहन करण्याची गरज उरत नाही, त्याला नेमके काय करावे एवढेच ठाऊक नसते. ‘पाठलाग करू नका’ ही सूचना त्यासाठीच घातली. भेदरलेला कुत्रा पुष्कळदा धन्याच्या हाकेलाही ओ देत नाही, आणि चार भली माणसे त्याच्यामागे धावली तर तो रस्ता किंवा रूळ ओलांडून आणखी दूर जातो.

तीन क्रमांकांचा एक केला, हा बदल घरात सर्वांत अधिक वादग्रस्त ठरला. त्यांचे म्हणणे असे की एक लागला नाही तर दुसरा लागेल. व्यवहारात होते ते उलट : वाचक कोणता लावावा या विचारात पडतो, वर्दी तीन ठिकाणी विखुरते, आणि एकाने ऐकलेली हकीकत दुसऱ्यास कळत नाही. जो फोन दिवसभर चालू राहील, ज्याचा धारक अनोळखी क्रमांकही उचलील, असा एकच निवडला. आणि येणाऱ्या प्रत्येक वर्दीची वेळ, ठिकाण व सांगणाऱ्याचे नाव एका वहीत टिपावे असे ठरले.

आकडे कोणते वापरावेत हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण या पट्ट्यात तो क्षुल्लक नाही. देवनागरीतील ४ हा अंक ज्याला ती लिपी सवयीची नाही त्याला इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि घाईने हाताने लिहिलेले १ व ९ तर आपल्यालाही फसवितात. उल्हासनगरात मराठी, हिंदी आणि सिंधी बोलणारी घरे एकाच गल्लीत आहेत. म्हणून मजकूर वर मराठीत व त्याखाली हिंदीत ठेवला, आणि फोनचा क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत, पाच-पाचचे दोन गट पाडून, कागदावरील सर्वांत ठळक अक्षरांत छापला. छापण्यापूर्वी कागदावरून वाचून तो क्रमांक दुसऱ्या फोनने लावून पाहिला. ही तपासणी कधीही टाळू नये.

एक खूण मुद्दाम लिहिली नाही. मोतीच्या पोटाखाली, डावीकडे, एक काळा ठिपका होता. बक्षिसाचा उल्लेख असो वा नसो, हरवल्याच्या जाहिरातीवर डोळा ठेवणारे भामटे असतात. ते फोन करून कुत्रा आपल्या ताब्यात असल्याचे सांगतात आणि गाडीभाड्याचे पैसे आधी पाठविण्यास सांगतात. तसा एक फोन आलाच. पोटाखालची खूण विचारताच तो कट झाला. ही राखून ठेवलेली खूण फोन उचलणाऱ्या माणसाजवळ लिहून ठेवलेली असावी, आणि जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये.

कागद कोठे लावावा यालाही मर्यादा आहेत. सार्वजनिक भिंती, खांब आणि झाडे विद्रूप करण्यास १९९५ च्या राज्य अधिनियमाने मनाई आहे, म्हणून दुकानदार, गृहनिर्माण संस्था, पशुवैद्य आणि रिक्षा-थांबे यांची परवानगी घेऊनच कागद लावले. पावसाळ्यात शाईफवारणीच्या छपाईचा रंग एका सरीत ओघळतो. झेरॉक्सच्या दुकानातली छपाई टिकते, आणि पारदर्शक पिशवीत कागद घालून तिचे तोंड खाली ठेवले म्हणजे आत पाणी साचत नाही. शिवाय उल्हासनगरची महानगरपालिका, अंबरनाथची नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूरची नगरपरिषद ही तीन स्वतंत्र कार्यालये आहेत. एकीकडे दिलेली खबर दुसरीकडे आपोआप जाईल असे गृहीत धरता येत नाही, आणि बदलापूर ते अंबरनाथ हे सुमारे आठ किलोमीटरचे अंतर कुत्रा एका रात्रीत सहज तोडतो. त्यामुळे तिन्ही ठिकाणी तोच कागद, त्याच शब्दांत, स्वतः जाऊन दिला.

वर्दी आली ती अंबरनाथ पूर्वेच्या वडवली सेक्शनमधून, एका रिक्षाचालकाकडून. रंग त्याला सांगता आला नाही, पण पाय उचलून चालणारा कुत्रा त्याने पाहिला होता आणि त्याने त्याला हुसकले नव्हते. पोटाखालचा ठिपका घरच्यांनी तेथे जाऊन पाहिला. त्यानंतरचे कामही त्याच दिवशी केले : जेथे जेथे कागद लावला होता तेथे जाऊन तो काढला, तिन्ही कार्यालयांना कळविले, आणि ज्यांना मोबाईलवरून चित्र धाडले होते त्यांना त्याच चित्रावर ‘सापडला’ हा शब्द व तारीख आडवी छापून ते पुन्हा पाठविले, जेणेकरून जुने चित्र पुढे कोणाच्या हाती आले तरी फोन करण्यापूर्वी त्याला खुलासा मिळावा.