बारा झाडांचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे!

कापसाच्या मर रोगावरच्या एका औषधाचा फोटो सध्या आपल्या भागातल्या शेतकरी ग्रुपांवर जोरात फिरतोय. डावीकडे औषध दिलेली सहा झाडं, पाच टवटवीत, एक गेलेलं. उजवीकडे औषध न दिलेली सहा, दोन उभी, चार वाळलेली. खाली ठळक अक्षरात, "८३ टक्के विरुद्ध ३३ टक्के". आमच्याच काही पत्रकार बंधूंनी हा फोटो बातमी म्हणून छापला. म्हणून लिहितोय.

टक्केवारी बाजूला ठेवा, झाडं मोजा. एकूण १२, जगली ७, मेली ५. आता १२ चिठ्ठ्या करा. सातांवर 'जगलं', पाचांवर 'मेलं' लिहा. डोळे मिटून सहा उचला, त्या 'औषधवाल्या' समजा. बारातून सहा उचलायचे एकूण ९२४ प्रकार होतात. त्यातल्या १०५ प्रकारांत पाच 'जगलं' हाती येतात आणि ७ प्रकारांत सहाच्या सहा. म्हणजे ९२४ पैकी ११२, साधारण १२ टक्के. बाटलीत नुसतं पाणी असतं तरी आठातून एकदा असा किंवा याहून भारी फोटो निघाला असता! औषध उलटं पडण्याची बाजूही धरली, तर आकडा दुप्पट, २४ टक्के.

हीच फिशरची अचूक चाचणी. रोनाल्ड फिशर हा इंग्लंडातल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम केलेला माणूस. १९३५ च्या पुस्तकात त्यानं चहाच्या आठ कपांवर हाच हिशोब मांडला. कोणी म्हणेल, काय-वर्ग चाचणी लावा. ती इथं ८ टक्के दाखवते, कारण ती मोठ्या आकड्यांसाठीचा अंदाज आहे. इथं प्रत्येक खान्यात अपेक्षित झाडं अडीच नाहीतर साडेतीन. एवढ्याशा आकड्यांत अंदाज कशाला, सगळे प्रकार मोजताच येतात की.

"थोडी झाडं म्हणजे सगळं खोटं" असंही नाही. सहापैकी सहा जगली असती आणि पलीकडे एकच, तर तो योग १३२ वेळांत एकदा. तेव्हा मीही कान टवकारले असते.

पण तेव्हाही ही चाचणी फोटोबाहेरचं सांगत नाही. कोणत्या झाडाला औषध, हे चिठ्ठी टाकून ठरलं का? की औषधवाली ओळ ठिबकजवळ आणि दुसरी पाणी साचणाऱ्या बांधाला? तसं असेल तर तुलना बारा झाडांची नाही, दोन ओळींची आहे. आणि असे किती फोटो काढून हाच एक निवडला?

औषध खोटंच आहे, असं मी म्हणत नाही. या फोटोवरून ते कळत नाही, एवढंच. विक्रेत्याला विचारा, झाडं कशी निवडली, किती ठिकाणी प्रयोग केला? आणि पत्रकार मित्रांनो, बातमीत टक्के छापण्याआधी झाडं मोजा. बाटलीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात, आपल्या नाही.