बांगड्या फोडणारे हात

या वेळी शिव्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. या वेळी पंचनामा आपल्याच घराचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा चुलता वारला. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, गावाच्या कडेला आमचा बुद्धवाडा. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बौद्धाचार्य आले, त्रिसरण-पंचशील झालं, पांढरे कपडे झाले. सगळं धम्माप्रमाणं. मी दारात उभा राहून मुंबईच्या पाहुण्यांना फोन करत होतो. तेवढ्यात आतून काच फुटल्याचा आवाज आला.

आत गेलो तर नानीला, माझ्या चुलतीला, भिंतीला टेकवून बसवलेलं. आधी तिला मळवट भरून कुंकू लावलं होतं, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या, डोक्यात गजरा माळला होता. शेवटचं म्हणून. आणि आता त्याच बायका ते सगळं ओरबाडत होत्या. एकीनं पदरानं कुंकू पुसलं. एकीनं मनगटं एकमेकांवर आपटून बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली, रक्त आलं. मंगळसूत्र तोडलं. पायातली जोडवी निघेनात, इतक्या वर्षांत बोटं सुजून त्यात रुतलेली. मग साबण लावून ओढली. नानी रडायचीसुद्धा थांबली होती. ती फक्त बघत होती, आपल्याबरोबर काय चाललंय ते.

आणि मी? मोर्चात घसा फोडणारा, या अंकाचं संपादकीय लिहिणारा मी गप्प उभा होतो. म्हटलं, बायकांचं काम आहे, म्हातारी माणसं आहेत, आता कशाला.

महिन्याभरानं नानीजवळ बसलो. ती म्हणाली, "बांगड्यांचं काय न्हाय रं पोरा. पर फोडणारी माझीच जाऊ हुती. पाच वर्सामागं तिच्या फोडल्या तवा तिचं हात मीच धरलं हुतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पुरुषाला या कामाला हातसुद्धा लावावा लागत नाही. जिच्यावर झालं तीच दुसरीवर करते, आणि नाही केलं तर गाव काय म्हणेल याची भीती तिलाच. पुरुष दारात फोन करत उभा.

काही पोरं म्हणतात, हे बामणी खूळ, आपल्यात नव्हतंच. अर्धं खरं आहे. केशवपन बामणाच्या विधवेचं. ती हजामत करायला नकार द्या म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांना उभं केलं. आपल्या जातींत विधवेला पाट लावता यायचा. पण पाटसुद्धा रात्री, गुपचूप, आणि पाटाच्या बाईला शुभकार्यात मान नाही. म्हणजे दार उघडं होतं, पण वाकून जावं लागायचं. मग जात जरा वर सरकली, पोरगं नोकरीला लागलं, की पहिलं काम काय? ते दारही बंद. वरच्यांचं बघून आपणही 'घरंदाज' झालो.

हे मी माझ्या अकलेनं सांगत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं जातीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी साधा हिशेब मांडला. जात म्हणजे जातीतच लग्न. मग नवरा मेला की बायको उरते. ती उरलेली बाई बाहेर लग्न करील तर कुंपण तुटेल, आत करील तर कुमारिकांचा वर पळवील. म्हणून दोन उपाय: तिला जाळा, नाहीतर सक्तीनं विधवा ठेवा, आणि अशी करून ठेवा की तिच्याकडं कुणाचं मन जाऊ नये. हे वरच्या जातीत घडलं, खालच्यांनी अनुकरण केलं, असंही त्यांनी त्याच निबंधात सांगितलं. आता नानीचं कुंकू आठवा. ते दुःखानं पुसलं नव्हतं, जातीच्या कुंपणासाठी पुसलं होतं. आपण जात मोडायला निघालोय आणि कुंपणाचे खांब आपल्याच आत्या-मावश्या ठोकतायत.

सांगलीच्या शेजारी, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. कोरोनात तरुण माणसं गेली, तरण्या बायका विधवा झाल्या. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मागोमाग माणगावनंही ठराव केला. तेच माणगाव, जिथं १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर बसले.

ठराव चांगला, पण त्याचं बळ किती ते समजून घ्या. तो मोडला म्हणून शिक्षा नाही. मयताच्या घरात त्या अर्ध्या तासात ग्रामसेवक येऊन उभा राहत नाही. ठराव टिकला की नाही हे मयताच्या दिवशी कळतच नाही. ते पुढच्या लग्नात कळतं. नानीच्या सख्ख्या पुतणीच्या हळदीला नानी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. कुणी हाकललं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट कुंकवाबरोबर पुसली जाते, ती म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. दिवस घालायच्या आत दीर कागद पुढं करतो, "वहिनी, नुसता अंगठा." ते बहुतेक हक्कसोडपत्र असतं. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला पोराइतका, पोरीइतका, सासूइतका वाटा आहे, आणि तो मिळाल्यावर तिनं दुसरं लग्न केलं तरी जात नाही. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्यायचा.

मग मंगळसूत्र ठेवायचं का? आपल्यातला एकजण तावातावानं म्हणाला, मंगळसूत्र हीच गुलामी, तुटलं तर बरंच झालं. मी नानीला विचारलं. ती म्हणाली, "मोकळा गळा दिसला की बाजारातला माणूसबी येगळं बघतो." आपली थिअरी खरी असेल, पण गळा तिचा आहे. ठेवायचं की काढायचं ते तिनं ठरवावं, आज नाही तर सहा महिन्यांनी, आणि कुणी हात न धरता.

तेव्हा पुढच्या मयताला लाकडं आणायला पळण्याआधी एवढं करा. घरातल्या दोन-तीन बायकांना, त्यातही आधी स्वतः विधवा झालेल्या बाईला, अगोदरच बोलून ठेवा. कारण 'फोडू नका' हे तिनं म्हटलं तर म्हाताऱ्या ऐकतात, आपण म्हटलं तर ते शहरी पोराचं शहाणपण ठरतं. मळवट भरायला सुरुवात झाली की समजा, पुढं बांगड्या आहेत, तिथंच थांबवा. तिचा अंगठा कुठल्याही कागदावर पडू देऊ नका. आणि पुढच्या हळदीला पहिलं बोट तिचं लागू द्या.

नानीच्या जावेला मी हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तवाच का न्हाय बोललास?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असावं म्हणून हे लिहिलं.