किलोचा भाव आणि ताटाचा भाव

आखाड तोंडावर आला की जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागातल्या ढाब्यांवर आणि खानावळींत सामिष ताटांची मागणी एकदम वाढते. मटण आणि कोंबडी तर असतेच, पण आता गिऱ्हाईक मासाही मागते, आणि तोही नाव घेऊन: पापलेट आहे का, सुरमई आहे का? अडचण अशी की नेमक्या याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटी बंद असतात. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे समुद्रात मासेमारीला बंदी. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे आखाडात जालन्यात पोचणारी सुरमई किंवा पापलेट बहुतेक वेळा एक तर शीतगृहातले असते, नाही तर पूर्व किनाऱ्यावरून लांबचा प्रवास करून आलेले. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच पापलेट, सुरमई, रोहू आणि बासा या चार माशांचा हिशेब मांडायला हवा. आपल्यापैकी अनेक जण मासा नावावरून आणि किलोच्या भावावरून घेतात. तो घ्यायला हवा पदार्थ बघून आणि ताटाचा भाव काढून.

आधी पैशांचे पाहू. बाजारभाव रोज हलतो, म्हणून खालचे दर फक्त हिशेबापुरते धरा आणि त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घाला. दोन किलोचा रोहू २०० रुपये किलोने घेतला. खवले, कल्ले आणि पोटातली घाण काढून, मुंडी बाजूला ठेवली की तुकड्यांचे वजन साधारण ६५ टक्के भरते. म्हणजे तुकड्यांचा खरा भाव किलोला ३०८ रुपयांच्या आसपास गेला. दोनशे ग्रॅमचे ताट ६२ रुपयांना पडले, आणि मुंडीचा रस्सा वेगळा विकता येतो. तीन किलोची सुरमई ८०० रुपये किलोने घेतली आणि सत्तर टक्के तुकडे निघाले, तर दीडशे ग्रॅमची एक तुकडी १७१ रुपयांना पडते. पापलेटाचा हिशेब सोपा आहे, कारण ते अख्खेच ताटात जाते: १२०० रुपये किलोने पाव किलोचा नग ३०० रुपयांना.

बाशाचे पाकीट मात्र फसवते. ४०० रुपये किलो, काटा नाही, कातडी नाही, वाया काहीच जात नाही, असे वाटते. पण गोठवलेल्या तुकड्यांवर बर्फाचा थर असतो, आणि पुष्कळदा वजन टिकावे म्हणून मासा फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेला असतो. किलोचे एक पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर वितळू द्या आणि सकाळी वजन करा. आठशे ग्रॅम भरले, तर भाव ५०० रुपये झाला. दीडशे ग्रॅमला ७५ रुपये. किलोमागे रोहूच्या दुप्पट भाव देऊनही रोहूपेक्षा कमी वजनाचे ताट जास्त पैशांत पडले. प्रत्येक पुरवठादाराचे पाकीट एकदा असे तोलून बघा, म्हणजे कोण मासा विकतो आणि कोण पाणी, ते लगेच कळेल.

आता चव आणि काटा. पापलेटाचे मांस पांढरे, नाजूक, जवळजवळ गोडसर. मधला सपाट काटा एकदा उचलला की ताट मोकळे होते, म्हणून मासा खायची सवय नसलेले गिऱ्हाईकही ते बिनधास्त खाते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये या माशाला राज्य माशाचा मान दिला आहे. पण आपल्या मराठवाडी रश्शात, म्हणजे भाजलेले सुके खोबरे, तीळ, शेंगदाण्याचे कूट आणि काळा मसाला यांत, पापलेटाची चव पार बुडून जाते. तीनशे रुपयांचा मासा घालायचा आणि चव फक्त मसाल्याची लागायची, हा तोट्याचा धंदा आहे. पापलेट तव्यावरच करा: दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, हळद, मीठ, लिंबू, थोडे आले-लसूण-तिखट, वर रव्याचा पातळ हात. घेताना कल्ल्याजवळ बोटाने दाबा. पांढरट द्रव आला तर मासा ताजा. लालसर किंवा काळपट आला तर परत करा. आणि पापलेट म्हणून हलवा गळ्यात पडत नाही ना, तेही बघा. हलवा खायला उत्तमच, पण तो वेगळा मासा आहे आणि त्याचा भावही वेगळा.

सुरमईचे मांस घट्ट आणि तेलकट. आडव्या तुकडीत मधोमध मणक्याचा काटा आणि पोटाकडे थोड्या फासळ्या, बाकी सगळे मोकळे मांस. तळायला यापेक्षा सोयीचा मासा नाही. तुकडी अर्धा ते पाऊण इंच जाड हवी. पातळ कापली की बाहेर रंग येईपर्यंत आतून कोरडी होते. रश्शालाही सुरमई चालते, पण त्यासाठी मुंडी आणि शेपटीकडचे तुकडे वापरावेत, आणि मधल्या तुकड्या तव्यासाठी राखाव्यात.

सुरमईबाबत एक गोष्ट मात्र कधीही विसरायची नाही. हा मासा बर्फाबाहेर राहिला, तर त्याच्या मांसातल्या हिस्टिडीनपासून जिवाणू हिस्टामीन तयार करतात. ते एकदा तयार झाले की तळून, उकळून, कशानेही जात नाही. खाणाऱ्याच्या तोंडाला चुरचुर लागते, थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. लोक याला माशाची ॲलर्जी म्हणतात आणि मोकळे होतात, पण दोष साठवणीचा असतो. मासा दिसायला आणि वासाला बरा असतानाही हे होऊ शकते. मुंबईहून जालना चारशे किलोमीटरच्या आसपास. थर्माकोलची पेटी उघडल्यावर माशाभोवती बर्फ शिल्लक असलाच पाहिजे. नुसते पाणी दिसले, तर कितीही कमी भावात मिळाली तरी सुरमई उतरवून घेऊ नका. पेटी उन्हात राहिली की नंतर पुन्हा बर्फ भरून काही सुधारत नाही.

रोहूकडे आपण उगाच कमीपणाने बघतो. खरे तर जालन्याच्या रश्शाचा मासा हाच. तो आंध्रच्या तळ्यांतून बर्फात येतो, तसा जायकवाडी आणि निम्न दुधना यांसारख्या जलाशयांतूनही येतो. पावसाळ्यात धरणावरची मासेमारी मंदावली की आंध्रचा माल आधाराला असतो. काळ्या मसाल्यापुढे रोहूचे मांस दबत नाही, उकळीत फुटत नाही, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याचा दाट रस्सा पोटभर होतो. औद्योगिक वसाहतीतल्या स्टील कारखान्यांत काम करणारे बिहार-बंगालकडचे कामगार तर रोहूच मागतात. काट्यांची त्यांना भीती नाही.

काट्यांची भीती आपल्या स्थानिक गिऱ्हाइकाला आहे, आणि ती रास्त आहे. रोहूच्या मांसात फासळ्यांखेरीज इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे असतात. ते कुठे असतात हे माहीत असले की अर्धी अडचण सुटते. पाठीच्या मांसात त्यांची रांग मुंडीपासून शेपटीपर्यंत जाते; शेपटीकडे खालच्या बाजूलाही दुसरी रांग सुरू होते. पोटाच्या भागात मात्र फक्त फासळ्या असतात, जाड आणि हाताला सहज लागणाऱ्या. म्हणून मासा नुसता आडवा कापून सगळे तुकडे एकत्र टाकू नका. पोटाचे तुकडे, पाठीचे तुकडे आणि शेपटी वेगवेगळी ठेवा. कुटुंब घेऊन आलेल्या, लहान मुले बरोबर असलेल्या गिऱ्हाइकाला पोटाचे तुकडे द्या. शेपटी वाफवून, काटे वेचून कटलेटला वापरा. मासा दीड किलोच्या वरचा घ्या, कारण अर्ध्या किलोच्या रोहूत हेच काटे केसासारखे असतात आणि जिभेला लागेपर्यंत कळत नाहीत.

रोहू तळायचाच असेल, तर पाठीचा भाग कातडीसकट मोकळा करा आणि मांसाच्या बाजूने दर तीन-चार मिलिमीटरवर कातडीपर्यंत चिरा द्या. कातडी कापू नका. बारीक काट्यांचे तुकडे होतात आणि कडक तापलेले तेल चिरांत शिरून ते कुरकुरीत करते. यासाठी धारदार सुरी आणि सरावलेला हात लागतो. गर्दीच्या रात्री हे काम नवख्यावर सोपवू नये.

रोहूची दुसरी तक्रार चिखलाच्या वासाची. तळ्यातल्या नीलहरित शेवाळामुळे आणि काही जिवाणूंमुळे तयार होणारे जिओस्मिन माशाच्या चरबीत आणि कातडीत साठते. ते खाणाऱ्याला अपायकारक नाही, पण एका तुकड्याने पातेलेभर रस्सा बिघडतो. माल घेतला की एक छोटा तुकडा मीठ-मसाला न लावता झाकण ठेवून वाफवा आणि झाकण उघडताच वास घ्या. वास हलका असेल तर ताकात किंवा चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून काम भागते, कारण आंबटपणाने जिओस्मिन मोडते. वास उग्र असेल तर कोणताही मसाला तो झाकणार नाही. तो माल परतच करावा.

राहिला बासा. आपल्याकडे या नावाने विकला जातो तो बहुतेक पंगस, तळ्यात वाढवलेला; काही व्हिएतनामहून गोठवून येतो, काही आंध्रातून. चव जवळजवळ नाहीच, काटा नाही, मांस मऊ आणि पाणीदार. रश्शात टाकला की दहा मिनिटांत त्याचे तुकडे विरतात. पण भज्यांना, फिश फिंगरला आणि लहान मुलांच्या ताटाला तो सोयीचा आहे. पूर्ण वितळवून, फडक्याने दाबून कोरडा करा, मगच पीठ लावा. ओला राहिला तर कढईत पाणी सुटते आणि आवरण सुटून तेलात जाते.

आमचा आक्षेप बाशावर नाही. आक्षेप आहे तो बासा वापरून मेन्यूवर सुरमई किंवा पापलेट फ्राय लिहिण्यावर. ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली कारवाई ओढवून घेणारी आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सुरमई म्हणून बासा खाल्ला, तो पुढे खऱ्या सुरमईचे पैसे द्यायलाही कुरकुर करतो. म्हणजे नुकसान आपल्या सगळ्यांचेच.

म्हणून या आखाडासाठी आमचा आग्रह असा: रोजच्या मेन्यूत रोहूचा रस्सा कायम ठेवा आणि त्यात पोटाचा तुकडा मागण्याची सोय द्या. सुरमई बर्फ बघून घ्या आणि जेवढी त्या दिवशी खपेल तेवढीच. पापलेट आदल्या दिवशीच्या ऑर्डरीवरच आणा, आणि ते गोठवलेले असेल तर तसे स्पष्ट सांगा. बासा ठेवा, पण बासा याच नावाने, आणि भाव त्याच्या वितळलेल्या वजनावर काढून.