टीव्हीतला ‘ॲटमॉस’ पुरेसा की साउंडबार हवा? उत्तर छतावर आहे

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या शोरूममध्ये आज बहुतेक मोठ्या टीव्हींवर ‘डॉल्बी ॲटमॉस’चा शिक्का दिसतो. मग वेगळा साउंडबार कशाला, असा प्रश्न ग्राहकाला पडतो. विक्रेता साउंडबारच्या बाजूने बोलतो, पण खरा निकाल घरातल्या हॉलमध्ये लागतो.

ॲटमॉस म्हणजे काय?

२०१२ साली चित्रपटगृहांत आलेल्या या पद्धतीत हेलिकॉप्टरचा आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. तो खोलीत नेमका कुठे आहे, याची माहिती आवाजासोबत येते आणि उपलब्ध स्पीकरमधून तो कसा ऐकवायचा, हे यंत्र ठरवते.

टीव्ही काय करतो?

आवाज बाजूने, मागून किंवा वरून आला, तर तो कानांत थोड्या वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या पोताने पोहोचतो. टीव्ही हाच फरक कृत्रिमरीत्या तयार करतो. मात्र ही जादू समोर मधोमध बसलेल्यालाच नीट जाणवते. सोफ्याच्या कडेला बसलेल्यासाठी ती विरते. शिवाय सडपातळ टीव्हीतले छोटे स्पीकर खर्जाचा आवाज देऊ शकत नाहीत.

साउंडबारचे गणित

‘३.१.२’ मधला शेवटचा आकडा छताकडे तोंड केलेले स्पीकर सांगतो. ‘२.१’ लिहिलेल्या बारमध्ये ते नसतात. तिथेही उंचीचा केवळ आभासच असतो.

समजा, हॉल १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर आणि सोफा बारपासून ८ फुटांवर आहे. बार अडीच फुटांवर आणि कान साडेतीन फुटांवर धरले, तर आवाज बारपासून साधारण सव्वाचार फूट पुढे छतावर आपटून कानावर येतो. म्हणजे जवळपास हॉलच्या मध्यावर, जिथे पंखा असतो! पाती आवाज विस्कटू शकतात आणि पंख्याची घरघर बारीक आवाज गिळते. सपाट पीओपी छत चालते. खोलगट किंवा पायऱ्यांचे फॉल्स सीलिंग मात्र परिणाम बिघडवते.

खरेदीआधी

मोजपट्टीने ती जागा छतावर शोधा. ती मोकळी आणि सपाट असेल, तर छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचा बार घेण्यात अर्थ आहे. तिथे पंखा किंवा तुळई असेल, तर त्या स्पीकरसाठी जादा पैसे मोजू नयेत. साधा, सबवूफरचा बारही संवाद आणि खर्ज सुधारतो. एकटेच, मधोमध बसून पाहणाऱ्याने आधी टीव्हीचाच आवाज आठवडाभर ऐकावा.

बार घेतल्यावर तो एचडीएमआयच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ खाचेत जोडा. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले असेल, तर ॲटमॉस बारपर्यंत सहसा पोहोचतच नाही. तिथे ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ ठेवा. बारच्या पडद्यावर ॲटमॉसचे नाव उमटले, तरच पैसे कामी आले.