भाजणी दुसऱ्या हाती देताना

घरातून फराळ करून विकणाऱ्या बायांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आल्या की मग मदतीला माणूस शोधू नका. गणपती गेले की लगेच एखादीला हाताशी घ्या, आणि तिला आधी चकल्या तळायला उभी करू नका. भाजणी भाजायला द्या.

तळणीत क्षणाक्षणाला आच कमी-जास्त करावी लागते, आणि तेलाचा धोका आहेच. भाजणी सावकाश होते. प्रत्येक धान्य वेगळं भाजतो, त्यामुळे चूक झालीच तर ती एका घाण्यापुरती राहते. मात्र सगळं एकत्र होण्याआधी ती दिसली पाहिजे. एकदा दळून आलं की सुधारायला काही उरत नाही.

माझ्याकडे आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी सांगितलं, "हरभरा डाळ गुलाबी होईपर्यंत भाज." तिने मन लावून भाजली. पण ही डाळ मुळात पिवळी, वर स्वयंपाकघरातला दिवाही पिवळा. गुलाबी म्हणजे नेमकी कशी, हे तिला कळणार कुठून? डाळ करपली आणि ती घाबरून म्हणाली, "मावशी, मला वाटलं अजून व्हायचीय." चूक माझ्या सांगण्यात होती. त्या दिवसाची मजुरी मी कापली नाही, तुम्हीही कापू नका. शिकवतानाचं नुकसान आपण सोसायचं असतं, नाहीतर पुढच्या वेळी चूक लपवली जाते.

त्यानंतर मी प्रत्येक धान्यासाठी तीन छोट्या काचेच्या बाटल्या भरल्या: कच्चं, नीट भाजलेलं आणि जास्त झालेलं. त्या शेगडीजवळच्या फळीवर असतात. ती चमचाभर डाळ पांढऱ्या बशीत काढते, खिडकीशी नेऊन मधल्या बाटलीशी ताडून बघते. मग दाणा गार करून चावते. कुडकुडीत तुटला तर झाला, दाताखाली चिवट लागला तर अजून थोडा वेळ. मधल्या बाटलीतला नमुना दर हंगामात नवा भरा, जुन्याचा रंग बदलतो.

आता वही कशी लिहायची ते सांगते. आठवून लिहायला बसू नका. आठवणीत आपल्या हाताच्या अर्ध्या गोष्टी येतच नाहीत. तुम्ही भाजणी करा आणि तिला वही घेऊन शेजारी बसवा. हात जे करतो ते तिने लिहायचं, तिच्या शब्दांत. मी तांदूळ मुठीत दाबून बघते हे मला स्वतःला ठाऊकच नव्हतं, ते तिने टिपलं. धुतलेले तांदूळ सावलीत कापडावर वाळवल्यावर मूठ आवळायची. दाणे तळव्याला चिकटले तर अजून दमट आहेत, ते कढईत घालायचे नाहीत.

माप वजनात लिहा. वाटी घरोघरी वेगळी, आणि दाबून भरली की आणखी वेगळी. आमच्या वहीत १ किलो तांदूळ, ५०० ग्रॅम हरभरा डाळ, २५० ग्रॅम उडीद डाळ, २५० ग्रॅम मूग डाळ असं आहे. धणे-जिरं शेवटी, कढई गरम असताना नुसतं वास येईपर्यंत. एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त धान्य कढईत नाही, आच मंद. मिनिटंही लिहा, पण मिनिटांवर विसंबू नका. जाड कढई आणि पातळ कढई यांची वेळ कधी जुळत नाही. मिनिटं बघायला कधी लागायचं एवढंच सांगतात. झालं की नाही ते बाटली आणि दात सांगतात.

वही पुरी झाली की तिला एकटीला भाजू द्या आणि तुम्ही तोंड मिटून बसा. ते फार जड जातं. पण तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे वहीतली एक गाळलेली ओळ. उत्तर तोंडी न देता वहीत लिहून दाखवा. माझ्याकडच्या मुलीने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक असा: "गरम धान्य लगेच डब्यात भरू का?" भरायचं नाही. वाफ धरून ते मऊ पडतं. परातीत पसरून पूर्ण गार करायचं, मग गिरणीत न्यायचं. इतकी साधी गोष्ट लिहायची राहिली होती.

मग तीच वही तिसऱ्या बाईकडे द्या. मी माझ्या जावेला दिली, जिने आयुष्यात भाजणी केली नव्हती. तिच्या भाजणीची एकच चकली आधी तळली, पूर्ण गार होऊ दिली आणि मोडली. आत मऊ गाभा नव्हता. तेव्हा कुठे बाकीचं पीठ मळायला घेतलं, आणि वहीच्या त्या पानावर तारीख घातली.

दुकान किंवा तांदळाची जात बदलली की त्या पानावर पुन्हा तारीख पडते आणि पुन्हा एक चकली तळून बघितली जाते. मोहन आणि मळणं मी अजून माझ्याच हाती ठेवलंय. पीठ किती पाणी पितं ते दर दळणाला बदलतं. सोऱ्यातून पडताना चकली तुटली तर पीठ कोरडं, काटे बसके झाले तर सैल, एवढंच सध्या वहीत आहे. त्या पानाचं काम यंदा भाद्रपदात ती आणि मी मिळून सुरू करणार आहोत.