भीती दाखवून मार्क येत नाहीत

आपल्या भागात दहावीचं वर्ष आलं की घरात टीव्ही बंद होतो, लग्नकार्याला मुलांना नेणं बंद होतं, आणि एक वाक्य मात्र रोज सुरू होतं : "यंदा चुकलास की संपलं." आई म्हणते, मास्तर म्हणतात, बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा म्हणतो. आणि सगळ्यांना मनापासून वाटतं की, भीती घातल्याशिवाय पोर अभ्यास करणार नाही. माझं भांडण या समजुतीशी आहे.

पहिली गोष्ट, ते वाक्यच खोटं आहे. कर्नाटक बोर्डानं 2023-24 पासून जुनी पुरवणी परीक्षा बंद करून एसएसएलसीच्या वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा ठेवल्या. विषयाला ज्या परीक्षेत जास्त गुण, तेच धरले जातात. सरकारनं दिलेला हा दिलासा आपण मुलांपर्यंत पोचूच देत नाही. "सांगितलं तर आळशी होतील की हो," असं एका शिक्षकांनी मला तोंडावर सांगितलं. म्हणजे मुलाला खरं सांगायचं नाही, कारण आपल्याला त्याची भीती कामाला लावायची आहे!

आता ही भीती काय काम करते ते बघूया. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग आहेत, हे अभ्यासकांनी 1967 सालीच वेगळं करून दाखवलं. एक शरीराचा : हात गार पडणं, पोटात गोळा, छातीत धडधड. दुसरा मनातल्या घोराचा : "मला येणार नाही, बाबा काय म्हणतील, बाकीचे पुरवणी मागायला लागले." गुण खातो तो मुख्यतः दुसरा. गणित सोडवताना आपण आकडे थोडा वेळ डोक्यात धरून ठेवतो, आणि ती जागा फार लहान असते, पोळपाटाएवढी म्हणा. त्या पोळपाटावर घोरच येऊन बसला तर पोळी लाटायची कुठं?

जांबोटीच्या आसपासच्या वाड्यांतली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे बसतात. त्यांतल्या एका मुलीचं सांगते. शाळेच्या सराव परीक्षेत प्रश्न होता : 3, 7, 11, 15... या श्रेढीचं विसावं पद काढा. तिनं लिहिलं, पहिलं पद 3, फरक 4. पुढं कोरं. शाळेत शेरा मिळाला, "अभ्यास नाही." दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "एकोणीस वेळा चार मिळवायचं, शहात्तर, आणि पहिले तीन. एकोणऐंशी." मग काल काय झालं गं? "काल वाटलं, हे चुकलं तर नापास, आणि नापास झाले तर घरी म्हणतील, बास झालं आता शिक्षण."

ही पारख प्रत्येक आईला करता येते. पेपरात कोरा राहिलेला प्रश्न दोन दिवसांनी, निवांत असताना, पुस्तक न देता विचारायचा. आला तर दोष भीतीचा. नाही आला तर धडाच कच्चा आहे, आणि तिथं दीर्घ श्वास घ्यायला लावून काही उपयोग नाही, धडाच परत शिकवायला हवा. पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतं. म्हणून आधी निवड करावी, मग उपाय.

उपाय वर्गातच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्याकडं मुलगा पेपर बघतो तो घटक चाचणीत, सहामाहीत आणि सरावात. प्रत्येक वेळी मार्क, प्रत्येक वेळी प्रगतीपुस्तक. न मोजता लिहिण्याची सवयच नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा, तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटांची चाचणी घ्यावी. पाच प्रश्न : दोन या आठवड्यातले, दोन मागच्या महिन्यातले, एक त्याहून जुना. पुस्तक बंद, बोलणं बंद, लिहूनच उत्तर. मग शिक्षकांनी फळ्यावर उत्तरं लिहावीत, मुलांनी आपापलं तपासावं, आणि कागद मुलाकडंच राहावा. वहीत, रजिस्टरात कुठंही गुण नाहीत. चार-पाच जणांचं कुठं अडलं ते हात वर करून कळतं, तेवढंच परत शिकवायचं.

आठवून लिहिल्यानं धडा पक्का होतो, हा एक लाभ. दुसरा असा की प्रश्न, घड्याळ आणि कोरा कागद यांची ओळख होते, आणि ओळखीच्या गोष्टीला माणूस कमी भितो. अमेरिकेतल्या 2014 च्या एका अभ्यासात अशा चाचण्या होणाऱ्या वर्गांतल्या 1,408 शाळकरी मुलांना विचारलं, तर शंभरातल्या बहात्तर जणांनी परीक्षेची धास्ती कमी झाल्याचं सांगितलं. हे मुलांचं स्वतःचं सांगणं आहे, कुणी भीती मोजून काढलेली नाही. तरी ज्याचं पोट दुखतं त्यालाच विचारायला नको का?

हे बिघडतं कुठं, तेही सांगते. शिक्षकांनी "पाचपैकी पाच कुणाला?" म्हणून एकदा जरी मोठ्यानं विचारलं, की ती आणखी एक परीक्षा झाली. खूण सोपी आहे : मुलं हाताच्या आडोशानं लिहायला लागतात, आणि अंदाजानं काही लिहिण्याऐवजी कोरं सोडतात. असं दिसलं की समजावं, कुणीतरी मोजायला लागलंय.

दुसरा उपाय महिन्यातून एकदाचा. वर्ग बदलावा, बाक बदलावा, दुसऱ्या वर्गाच्या बाईंना देखरेखीला बसवावं. बोर्डाच्या परीक्षेत केंद्र परकं, पर्यवेक्षक परके, आणि 2024 पासून खोलीत कॅमेरेही आहेत. हे सगळं पहिल्यांदा मार्चमध्येच का दिसावं? प्रश्नपत्रिका वाचायला बोर्ड पंधरा मिनिटं देतं. ती मिनिटं कशी वापरायची हे बहुतेक मुलांना कुणी शिकवलेलंच नसतं. पहिल्या वाचनात येणाऱ्या प्रश्नांवर मनात खूण करायची, लिहायची सुरुवात त्यांच्यापासून, आणि अडलेल्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नडच्या पेपरात तर हे फारच लागतं. पहिलाच प्रश्न परक्या भाषेत अडला की सगळा पेपर अडला असं त्याला वाटतं.

त्या मुलीबरोबर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आम्ही एवढंच केलं. चमत्कार झाला नाही. पेपरच्या सकाळी हात गारच होते म्हणाली. पण पेन थांबलं नाही.

आता आपल्याकडं वळते. समाजाच्या गुणगौरव समारंभात नव्वदच्या वरच्यांना शाल मिळते, आणि साठवाल्याची आई मागच्या रांगेत पदर सावरत बसते. घरी गेल्यावर ती लेकराला काय म्हणते ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मांडवातून भीती घरी जाते, घरातून वर्गात, आणि वर्गातून उत्तरपत्रिकेवर. टक्क्यांची ओळ मोठ्यानं वाचणं थांबवा, दहावी झालेल्या प्रत्येकाला बोलवा. पालकसभेत "माझ्याला किती पडले?" हा प्रश्न एक वर्ष विचारू नका. त्याऐवजी विचारा : "बिनमार्कांची चाचणी आठवड्यात किती वेळा घेता?" उत्तर "एकदाही नाही" आलं, तर खुर्चीवरून उठू नका. आणि आज रात्री जेवताना मुलाला एकापेक्षा जास्त परीक्षांचं खरं सांगून टाका. तो आळशी होणार नाही. त्याला जरा नीट जेवण जाईल.